अधांतरी थांबलेला थेंब

रक्तदान शिबिरात सगळ्यांचं लक्ष पलंगांकडे असतं. फोटो तिथे निघतात, पाहुणे तिथे जाऊन दात्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, केळी आणि बिस्किटंही तिथेच वाटली जातात. माझं टेबल दाराशी. त्यावर टोचायच्या सुया, केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या, कापूस आणि निळ्या पाण्याची एक बरणी. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आलेल्या माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं आहे की नाही ते पाहायचं आणि त्याला पलंगाकडे किंवा घराकडे पाठवायचं, एवढं माझं काम. आत गेलेला माझे आभार मानत नाही आणि घरी पाठवलेला वर्षभर नावं ठेवतो.

निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. आमच्या भागातल्या संत्र्याच्या बागवाल्यांना ते सांगावं लागत नाही. झाडांवर फवारायला ते हेच वापरतात, म्हणून बरणी पाहिली की हटकून कुणीतरी विचारतं, मॅडम, आमच्यावर फवारणी करता का. फरक इतकाच की आमचं द्रावण फार मोजून केलेलं असतं. पाण्याचा जडपणा एक धरला तर त्याचा १.०५३. साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेलं रक्त साधारण तेवढंच जड असतं. बोटातून रक्त नळीत घ्यायचं आणि पाण्याच्या अगदी जवळून, बोटाच्या पेरापेक्षाही कमी उंचीवरून, एक थेंब सोडायचा. थेंब पाण्यात शिरताक्षणी रक्तातली प्रथिनं आणि मोरचुदातलं तांबं मिळून त्याच्याभोवती पातळ साल धरतात, त्यामुळे तो विरघळत नाही. पंधरा सेकंद तो जसाच्या तसा राहतो. तेवढ्यात सरळ तळाशी गेला तर रक्त पाण्याहून जड, म्हणजे दाता पास. वर तरंगत राहिला तर नापास. पंधरा सेकंदांनंतर त्याने काय केलं याला किंमत नाही, कारण पुढे पुढे सगळेच थेंब खाली बसतात.

पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, हे मी मान्य करते. पण ती आकडा सांगत नाही. फक्त हो किंवा नाही. आणि नाही म्हणण्यात ती जरा उतावळी आहे. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की चांगल्या रक्ताचा थेंबही वर येतो. बोट पिळून रक्त काढलं की त्यात मांसातलं पाणी उतरतं आणि थेंब हलका होतो. उलटही होतं: एखाद्याच्या रक्तात प्रथिनं फार वाढलेली असली तर हिमोग्लोबिन कमी असूनही थेंब बुडतो. म्हणून काठावरचा थेंब, म्हणजे धड बुडत नाही आणि धड तरंगत नाही असा, दिसला की तिथे निकाल द्यायचा नसतो. पुन्हा तपासायचं असतं, आणि जमेल तर आकडा सांगणाऱ्या यंत्रावर. ज्याच्या अंगात आधीच कमी आहे त्याचं आणखी काढून घ्यायचं नाही आणि ज्याच्यात पुरेसं आहे त्याच्या माथी कमी रक्ताचा शिक्का मारायचा नाही, एवढाच त्यामागचा विचार. हे मी माझ्या सहकाऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की तो मोबाइल काढतो.

त्या एप्रिलमध्ये शिबिर होतं रोहिणखेडच्या रस्त्यावरच्या एका गावात, बुद्धविहारात. जयंतीचे दिवस होते, सगळीकडे निळे झेंडे, आणि बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गावातल्या पोरांनी शिबिराची एक रीत पाडून ठेवली होती. माझ्या टेबलाभोवती घोळका करून उभं राहायचं, थेंब पडला की सगळ्यांनी बरणीत डोकवायचं, बुडला की टाळ्या आणि तरंगला की हुर्यो. मी दोनदा हाकललं. ते दोन पावलं मागे जायचे आणि तिथून माना लांब करायचे. माणसाच्या तब्येतीची गोष्ट चारचौघांत अशी तमाशाला लावणं मला मुळीच आवडत नाही, पण शिबिरात तंत्रज्ञाचं कोण ऐकतं.

दुपारी बायकांनी जेवायला बसवलं. रक्त घ्यायला आलेली माणसं उपाशी राहिली तर गावाची शोभा नाही म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही. टेबल सहकाऱ्याच्या हवाली करून मी आत गेले. वांग्याची भाजी चांगली तिखट होती, दोन भाकरी खाल्ल्या, आणि बाहेर येते तर हुर्योवर हुर्यो. धट्टीकट्टी पोरं एकामागून एक नापास होत होती. शेतात पोती उचलणारे, मानेची जाडी माझ्या मांडीएवढी, आणि म्हणे यांच्यात रक्त नाही.

मी बरणी पाहिली. झाकण उघडं. उकडतंय म्हणून सहकाऱ्याने मोठा पंखा टेबलासमोर आणून ठेवलेला, आणि पंख्याचं वारं सरळ बरणीवर. मला काय झालं असेल ते लगेच कळलं. पाणी उडून गेलं की मोरचूद मागे राहतं आणि द्रावण घट्ट होतं. घट्ट द्रावण जास्त जड. मग चांगलं रक्तही त्यावर तरंगतं. त्यात हा गडी रांग लवकर संपावी म्हणून बोटं लिंबासारखी पिळत होता. कामकरी माणसाच्या बोटाची कातडी जाड असते, सुई वरवर टोचली की रक्त येत नाही, आणि हा पुन्हा टोचायच्या ऐवजी पिळत होता.

खात्री करायला मी माझंच बोट टोचलं. माझं हिमोग्लोबिन मागच्याच आठवड्यात पेढीतल्या मोठ्या यंत्रावर पाहिलेलं होतं, तेराच्या वर. माझा थेंब दगडासारखा खाली जायला हवा होता. तो वरच डुलत बसला. घोळक्यातला एकजण म्हणाला, मॅडमपण नापास. मी बरणी उचलली, मागच्या दाराने जाऊन सांडपाण्याच्या डब्यात ओतली आणि पेटीतली नवीन बंद बाटली फोडली. जेवणानंतरचे जे नापास झालेत त्या सगळ्यांना परत बोलवा, असं मी आयोजकांना सांगितलं. बहुतेक सगळे तोवर निघून गेले होते. कोणी शेतावर, कोणी झोपायला. आयोजक माझ्यावरच वैतागले, की तुमच्या घोळामुळे आमची माणसं गेली. बरोबरच होतं त्यांचं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

एक माणूस मात्र गेला नव्हता. चाळिशीचा, पांढरा धुतलेला शर्ट, खालचं बटण तुटलेलं. विहाराच्या पायरीवर उन्हात एकटाच बसला होता. मी त्याला आत बोलावलं. घोळक्यातली पोरं एकमेकांना ढोसायला लागली, आणि त्यातल्या एकाने, माझ्या कानावर पडेल इतपत, दारूचं काहीतरी म्हटलं.

टेबलाशी बसल्यावर तो हळू आवाजात बोलला. त्याच्या मुलीला थॅलेसेमिया होता. जन्मापासूनच तिच्या अंगात नीट रक्त तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, आणि ते आमच्याच पेढीतून जातं. मी बदलून नवीनच आले होते, त्यामुळे त्याला ओळखत नव्हते. बदल्यात रक्त द्या असं त्याला कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. अशा मुलांसाठी तसं मागायचंच नसतं. पण गावाला माहीत होतं की यांच्या घरी पिशव्यांमागून पिशव्या जातात आणि हा प्रत्येक शिबिरात नापास होऊन परत येतो. तिसरं शिबिर होतं हे. घरीदेखील कुरकुर सुरू झाली होती. बीट खाऊन झालं, गूळ-शेंगदाणे झाले, मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून झाल्या, तरी रक्त भरत नाही म्हणजे हा लपून पीत असणार असं बायकोच्या मनात बसलं होतं.

"मी थेंबभर घेत नाई मॅडम," तो म्हणाला. "पण तुमचा थेंब माह्यं ऐकत नाई."

थॅलेसेमिया म्हटल्यावर माझ्या मनात एक शंका आली. पण शंकेवरून माणसाला नापास करता येत नाही आणि पासही करता येत नाही. मी पंखा बंद करायला लावला, बुडबुडा नको म्हणून नवी नळी घेतली, आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका धरली. पेराच्या मधोमध नाही, कडेला, जिथे कातडी मऊ असते तिथे नीट खोल टोचलं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकला. दुसरा आपसूक फुगून आला तो नळीत घेतला. पिळलं नाही, दाबलं नाही. घोळका पुन्हा जमला होता. या वेळी हाकलायचंही मला सुचलं नाही.

थेंब पाण्यात शिरला आणि खाली निघाला. टाळ्या वाजवायला कुणाचे तरी हात वर गेले. अर्ध्या वाटेवर तो मंद झाला. थांबला. ना खाली ना वर, बरणीच्या मधोमध लटकून राहिला, आणि पंधरा सेकंद पुरे व्हायच्या बेतात अगदी किंचित वर सरकला. कोणी हुर्यो केली नाही. तो माणूस माझ्याकडे पाहत होता, बरणीकडे नाही.

मला असा संताप आला की काय सांगू. आकडा सांगणारं छोटं यंत्र आमच्या पेटीत होतं. बोटातल्या एका थेंबावर ते मिनिटभरात हिमोग्लोबिन सांगतं. पण त्याच्या पट्ट्या संपून कितीतरी दिवस झाले होते. मागणी वर गेली होती आणि वरून उत्तर येत होतं की मागणी मिळाली. अशा उत्तराचं करायचं काय, लोणचं घालायचं? काठावरचा थेंब पुन्हा तपासा हे नियमात लिहायला कुणाचं काय जातं. तपासायचं कशावर ते कुणी लिहीत नाही.

आमचे डॉक्टर आले. ते वाईट नाहीत, पण शिबिरात त्यांना रांग दिसते, माणूस दिसत नाही. तरंगला ना, मग सोडून द्या म्हणाले. मी म्हटलं, तरंगला नाही, लटकला. ते म्हणाले, तेच ते. तेच ते नाही, असं मी चारचौघांत त्यांना म्हटलं, आणि माझा आवाज चढला असावा, कारण सहकाऱ्याने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. आज याचं रक्त घेऊ नका, पण निकालही आज देऊ नका. शिरेतून नमुना काढते, पेढीतल्या मोठ्या यंत्रावर लावते, मग ठरवू. डॉक्टर म्हणाले, करा काय करायचं ते.

दंडाला पट्टा बांधून मी छोट्या नळीत नमुना काढला, ती हलवली, थंड पेटीत ठेवली. त्याला समजावलं की शिरेतलं रक्त पिळलेलं नसतं, आणि मोठं यंत्र हो-नाही न म्हणता सरळ आकडा सांगतं. साडेबारा किंवा वर आलं तर तुम्ही रक्त देऊ शकता. त्याला दवाखान्यात यायचंच होतं, गुरुवारी मुलीला रक्त चढवायचं होतं. उठताना तो घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की आपण नापास नाही, आपला पेपर तपासायला गेला आहे. पोरं हसली, पण बऱ्या अर्थाने हसली. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटत होतं की निघेल पास. सकाळपासून इतकं सगळं चुकीचं झालं होतं, एक गोष्ट तरी बरोबर व्हावी असं वाटत होतं.

संध्याकाळी पेढीत पोचल्यावर बाकी सामान उतरायच्या आधी मी ती नळी यंत्रावर लावली. बारा पूर्णांक एक. पुन्हा हलवून पुन्हा लावली. तेवढंच. त्याखालचे आकडेही वाचले. तांबड्या पेशी भरपूर होत्या, जवळजवळ जास्तच, पण प्रत्येक पेशी लहान. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, पण मग त्या इतक्या भरपूर नसतात. माझी शंका तीच होती. मुलीला पूर्ण आजार आहे म्हणजे आई आणि बाप दोघांच्याही अंगात त्याचा एकेक वाटा असणारच. एका वाट्याने माणूस आजारी पडत नाही, राबतो, जगतो, फक्त त्याचं रक्त बहुतेक वेळा काठावर राहतं. काहींचं साडेबाराच्या वर असतं आणि ते खुशाल रक्त देतात. याचं नव्हतं. तीन शिबिरांत थेंबाने जे सांगितलं ते शेवटी बरोबर निघालं, आणि मी डॉक्टरांशी भांडून, त्या माणसाच्या मनात आशा लावून, तेच आकड्यात सिद्ध केलं. दोन दिवस मी घरी चिडचिड करत होते. मुलाने विचारलं, काय झालं, तर त्यालाच ओरडले.

गुरुवारी मीच पेढीच्या वरच्या मजल्यावर, दवाखान्याच्या वॉर्डात गेले. मुलगी पलंगावर बसून होती, आठवीतली, पण दिसायला पाचवीतली वाटावी इतकी लहानखुरी. हाताला नळी, पिशवीतून रक्त हळूहळू उतरत होतं. आई उशाशी स्टुलावर, बाप भिंतीला टेकून उभा. आज त्याने नवा शर्ट घातला होता. ते पाहून मला परत फिरावंसं वाटलं.

मी आकडा सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला की म्हणजे मोठं यंत्रही तेच म्हणतं. हो, म्हटलं, तेच म्हणतं. मग मी बाकीचं सांगितलं. हे तुमच्या खाण्याने झालेलं नाही, कष्टाने नाही. जन्मापासून तुमचं रक्त असंच आहे. मुलीचा आजार निघाला तेव्हा तुम्हा दोघांची तपासणी झाली असेल, तेव्हा कुणीतरी सांगितलं असेल. त्याला आठवलं. मोठ्या दवाखान्यात कुणीतरी घाईघाईने म्हटलं होतं की तुमच्या दोघांत त्याचा गुण आहे, तुम्हाला काही होत नाही. काही होत नाही म्हटल्यावर तो विसरून गेला होता. ते आणि बरणीतला थेंब एकच आहे हे त्याला इतक्या वर्षांत कुणी जोडून दाखवलं नाही. त्या गोळ्याही थांबवा म्हटलं, लोहाची तपासणी केल्याशिवाय घेऊ नका, मी डॉक्टरांशी बोलते.

त्याने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दारूनं नाई ना हे?"

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

"हिले सांगा."

बायको समोरच बसलेली, तिने सगळं ऐकलं होतं. तरी मी तिच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. थेंब वर राहतो तो दारूने नाही, अंगातच तसं आहे, आणि पुढच्या शिबिरातही तसाच राहण्याची शक्यता जास्त. तिने मान खाली घातली आणि मुलीच्या हाताखालची उशी सारखी केली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. मला तिचा थोडा राग आला, आणि त्याहून जास्त त्या सगळ्यांचा, ज्यांनी या घरात एक साधं वाक्य नीट पोचवलं नाही.

मी निघाले तेव्हा तो बोलला. मला नाही, भिंतीला, स्वतःला, कुणालाच नाही असं.

"मंग माह्याजवळ द्यायले जे होतं, ते मी पोरीले अगोदरच देऊन बसलो."

मी दाराशी थांबले. त्याची चूक नाही, हे तिथे कुणालाही म्हणता आलं असतं, मलाही आलं असतं. मुलगी आईच्या मोबाइलवर काहीतरी पाहत होती, तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

बायकोने उशीवरचा हात काढला. नवऱ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"एकट्यानं नाई दिलं," ती म्हणाली. "अर्धं माह्यं हाय." आणि स्टुलावर थोडी सरकून तिने त्याला बसायला जागा केली.